सर, यंदा पण तुम्ही असणारच!

गणपतीची वर्गणी देऊन दुकानदार जरा कुठे मोकळा होतो, तोच दिवाळी पहाटेचे मेसेज सुरू होतात. आमच्या उपनगरातल्या सांस्कृतिक मंडळाने यंदा बाजारपेठेतल्या तमाम व्यापाऱ्यांना एकगठ्ठा धाडलेला मजकूर पाहा. हात जोडलेल्या, फुलांच्या आणि पणत्यांच्या चित्रांची ओळ तेवढी मी गाळली आहे.

‘सर नमस्कार. आपलं मंडळ दरवर्षीप्रमाणे यंदा पण दिवाळी पहाट करतंय. पहाटे ५ ला सुरू. पब्लिक भरपूर असतं तुम्हाला माहितीच आहे. मेन स्पॉन्सर तुम्ही असणारच!! सीएसआरमधून ॲडजस्ट करा नाहीतर ८०जी पण मिळेल. बॅनरवर फोटो मोठा टाकू. उद्यापर्यंत कन्फर्म करा, फ्लेक्स प्रिंटिंगला द्यायचाय. जीपे चालेल.’

यावर कुणाचं उत्तर आलं नाही. मिठाईवाल्याने एक अंगठा पाठवला. तो होकार की नुसती पोच, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. अखेर ‘कॉर्पोरेट पद्धतीने’ पत्र पाठवायचं ठरलं आणि मी वर्तमानपत्रात लिहितो या गुन्ह्याखाली ते काम माझ्याकडे आलं. ‘मजकूर तोच ठेवा, फक्त जरा फॉर्मल करून द्या,’ एवढीच अट होती.

माझ्याआधी कार्याध्यक्षांनी एक प्रयत्न करून ठेवला होता. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांचं पहिलं वाक्य असं: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय सादर करण्यात येते की, मंडळाच्या वतीने सालाबादप्रमाणे दीपावलीच्या मंगलप्रसंगी सुश्राव्य संगीत कार्यक्रमाचे आयोजन करण्याचे योजिले असून, त्याकामी आपण सढळ हस्ते साहाय्य करून उपकृत करावे.’ यात तारीख नाही, ठिकाण नाही, आकडा नाही. जे मेसेजमध्ये नव्हतं ते पत्रातही नव्हतं. फक्त आता त्याचं नसणं भारदस्त झालं होतं.

मंडळींची समजूत अशी की औपचारिक म्हणजे ‘आपणांस’वर अनुस्वार. प्रत्यक्षात पत्राचा कागद मोठा चौकस असतो. मेसेजमध्ये ‘पब्लिक भरपूर’ खपून जातं. पत्रात तेच वाक्य लिहायला घेतलं की कागद विचारतो, किती? मी कार्यकारिणीला विचारलं. अध्यक्ष म्हणाले, पाच हजार. सचिव म्हणाले, दोन तरी धरा. मग मंडपवाल्याचं गेल्या वर्षीचं बिल काढलं. खुर्च्या ६००, त्यातल्या ४० पाहुण्यांच्या सोफ्याच्या बदली परत गेलेल्या. ‘लोक उभेही असतात,’ असं एक सदस्य म्हणाले. ते खरं आहे; मात्र ते चहाच्या टेबलापाशी उभे असतात आणि चहा संपला की जातात. पत्रात ‘सुमारे ५५० रसिक’ असं लिहिल्यावर शोककळा पसरली. आकडा लहान आहे हे दुःख नव्हतंच, तो लेखी आला हे दुःख होतं.

मग ‘पहाटे ५’. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस मिळणारी सवलतही रात्री १० ते १२ची असते, पहाटेची नाही. तेव्हा ५ वाजता सुरू होणारी दिवाळी पहाट एक तर बंद सभागृहात होते किंवा बिनमाईकची. पत्रात ५ लिहिणं म्हणजे मंडळाने आपल्याच लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, नियम मोडण्याचा इरादा जाहीर करणं. आणि तो कागद अशा माणसाच्या हाती द्यायचा, ज्याचं बोधचिन्ह त्याच मंचावर टांगलेलं असणार. ‘सकाळी ६’ केल्यावर सांस्कृतिक सचिव हिरमुसले. ‘मग तिला पहाट कसं म्हणायचं?’ मी सांगितलं, नाव पहाटच ठेवा, घड्याळ सहाचं ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सीएसआर आणि ८०जी या जोडगोळीवर. या दोन अक्षरजुळण्या मंडळांना मंत्रासारख्या पाठ आहेत आणि मंत्राप्रमाणेच अर्थ न विचारता म्हटल्या जातात. सीएसआरची सक्ती २०१३च्या कंपनी कायद्यातून आली. ती फक्त कंपन्यांना आहे आणि तीही निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखादी रेघ ओलांडणाऱ्यांनाच. आम्ही मेसेज पाठवला होता तो मिठाईवाल्याला, दोन सराफी पेढ्यांना, एका चष्म्याच्या दुकानाला आणि कोचिंग क्लासला. पेढ्या भागीदारीतल्या. चष्मेवाल्याने ५ कोटी निव्वळ नफा कमावला असता तर तो आमचे मेसेज वाचत बसला नसता. बरं, खरीखुरी मोठी कंपनी सापडली तरीही पेच आहेच. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, असं नियमच सांगतो. म्हणजे ‘सीएसआरमधून द्या, बॅनर मोठा लावू’ या एका वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाला खातो.

८०जीचं दुखणं वेगळं. ती सवलत दात्याला मिळते, पण तिच्यासाठी मान्यता मंडळाकडे असावी लागते. ‘आपल्याकडे आहे ना?’ असं विचारल्यावर अध्यक्षांनी सचिवांकडे, सचिवांनी खजिनदारांकडे आणि खजिनदारांनी पंख्याकडे पाहिलं. मंडळाची संस्था म्हणून नोंदणी आहे, ते प्रमाणपत्र काचेत लावलंय, एवढ्यावर सगळे निर्धास्त होते. मेसेजमधली थाप जमिनीवर सांडलेल्या चहासारखी पुसून टाकता येते. लेटरहेडवरची थाप व्यापाऱ्याचा सीए फायलीत लावतो. तेव्हा तो शब्द गेला. त्याच्या जागी साधं सत्य लिहिलं: ही देणगी नाही, ही जाहिरात आहे, तिचं बिल मिळेल आणि ते आपल्याला धंद्याच्या खर्चात दाखवता येईल. व्यापाऱ्याला हे दोन ओळींत कळतं. त्याला उपकृत करून घ्यायचं नसतं, त्याला बिल हवं असतं.

बिल म्हटल्यावर खातं आलं. ‘जीपे चालेल’मधला नंबर निघाला खजिनदारांच्या जावयाचा. लबाडी काही नाही. त्याचा फोन चांगला आहे, एवढंच. मंडळाच्या नावे बँकेत खातं आहे, पॅनही आहे. मात्र धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात. त्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी फुटून पलीकडच्या गल्लीत नवं मंडळ काढलंय आणि तिथेही दिवाळी पहाटच असते. पत्राच्या तळाशी ‘धनादेश मंडळाच्या नावे काढावा’ ही निरुपद्रवी ओळ लिहिण्यासाठी आधी ठराव करून सहीदार बदलावा लागला. त्या बैठकीचा वृत्तांत इथे देत नाही, लहान मुलंही हे सदर वाचतात.

आता रक्कम. कार्यकारिणीचा आग्रह होता की आकडा घालू नये. ‘आकडा टाकला तर तेवढाच देतील.’ हे तत्त्वज्ञान गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि दरवर्षी त्याचं फळ ५०१ रुपये येतं. खर्च मांडला तेव्हा कलाकार आणि वादक १,४०,०००, ध्वनी-प्रकाश ४५,०००, मंडप-खुर्च्या ५०,०००, चहा-फराळ २५,०००, परवाने आणि छपाई २०,०००, एकूण २,८०,०००. यातल्या परवान्यांत गाण्यांच्या हक्कांचे पैसेही आले. सिनेमाची गाणी मंचावर म्हणायची तर ते भरावे लागतात हे कळल्यावर निवेदिकेने ‘आपण तर भक्तिभावाने गातो’ असा मुद्दा मांडला.

प्रायोजकांच्या श्रेणी तयारच होत्या: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. दुकानात पिढ्यान् पिढ्या सोनं विकणाऱ्या माणसाला ‘आपण आमचे सिल्व्हर’ असं कळवण्याचा मला तरी धीर होईना. मुख्य प्रायोजक एक, सहप्रायोजक चार, असं केलं आणि पत्राचं काळीज असलेला परिच्छेद एकदाचा उतरला:

‘मुख्य प्रायोजकत्वाची रक्कम रु. १,००,००० आहे. त्या बदल्यात मंचाच्या पार्श्वपटावर वरच्या मध्यभागी ६ बाय ३ फुटांत आपले बोधचिन्ह, ५०० निमंत्रणपत्रिकांवर नाव, मध्यंतरात दोन मिनिटांचे निवेदन आणि पहिल्या रांगेत १० आसने राखीव राहतील. एका व्यवसायातून एकच प्रायोजक घेतला जाईल. आपला निर्णय कार्यक्रमाच्या २१ दिवस आधी कळवावा. कार्यक्रमानंतर १५ दिवसांत छायाचित्रे व जमाखर्च आपणांस पाठवू.’

‘आपणांस’ तेवढा कार्याध्यक्षांसाठी ठेवला.

वाचन झाल्यावर शांतता पसरली. अध्यक्षांना ‘वरच्या मध्यभागी’ खटकलं, कारण तिथे दरवर्षी माननीयांचा फोटो असतो. माननीय काय देतात? शुभेच्छा देतात. ‘जमाखर्च पाठवू’ या शब्दांवर खजिनदारांनी पाणी मागवलं. ‘एका व्यवसायातून एकच’ मात्र सर्वांना आवडलं, फार व्यावसायिक वाटलं, आणि समोरासमोरच्या दोन्ही पेढ्यांना ‘मेन स्पॉन्सर तुम्ही असणारच’ हे आधीच गेलंय, याची आठवण शेवटी चहा आणणाऱ्या पोराने करून दिली.

पत्र जुन्या पेढीला द्यायचं ठरलं. सचिव स्वतः पाकीट घेऊन गेले. पेढीवर आता धाकटे मालक बसतात. त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, ‘पत्र नेमकं आहे. गेल्या वर्षी आम्ही सहप्रायोजक होतो ना? आमचं नाव कसं दिसत होतं तो फोटो तेवढा पाठवा, आजच सांगतो.’

फोटो शोधला. एकच धड होता. मंचावर माननीय हात जोडून उभे आहेत आणि त्यांच्या पाठीमागे, बरोबर जाकिटाच्या आड, जुन्या पेढीचं बोधचिन्ह आहे. ‘क्रॉप करून पाठवू,’ खजिनदार म्हणाले. करून पाहिलं. माननीय गेले की फोटोत उरते ती समोरची पेढी.