जिमीचा पत्ता

सकाळी वर्तमानपत्र वाचताना माणूस तर्कशास्त्र वापरतो, असा समज तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांखेरीज कोणाचा नसावा. आणि तेही घरी वापरत असतील असं वाटत नाही. आमच्या शेजारच्या काकू चहाबरोबर पेपर मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक बातमीला मध्येच अडवून जाब विचारतात. ‘जावयानं सासऱ्याचे चाळीस लाख लाटले म्हणे. चाळीस लाख जाईपर्यंत सासरा काय झोपला होता? आणि मुलगी? तिला नवऱ्याच्या हातात नवी गाडी दिसली नाही?’ एवढं झालं की निकाल लागतो. बातमी एकतर पटते, नाहीतर पेपर पुढल्या पानावर उलटतो. साध्य, हेतू, दृष्टांत यांतलं काही लागत नाही.

काकूंची बाजू घेणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, हे त्यांना सांगितलं तर त्या म्हणतील, ‘त्यात काय घ्यायचंय?’ वॉल्टर फिशर हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात संभाषणशास्त्र शिकवत. 1984 मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला आणि 1987 मध्ये त्याचं पुस्तक केलं. म्हणणं असं, की माणूस मुळात गोष्ट सांगणारा प्राणी आहे. अण्वस्त्रांसारख्या सार्वजनिक वादात तज्ज्ञ मंडळी आकडे आणि प्रमेयं पुढे करतात आणि सामान्य माणसाला ‘तुला यातलं कळत नाही’ म्हणून दाराबाहेर ठेवतात. पण सामान्य माणसाकडेही पारख असते, ती गोष्टीची. तो दोन गोष्टी बघतो. एक, गोष्ट आतून जुळते का: घटना एकीतून एक निघतात का, याच प्रकरणाच्या इतर हकिकतींशी मेळ बसतो का, आणि मुख्य म्हणजे त्यातली माणसं आपल्या स्वभावाला धरून वागतात का. दुसरी, ही गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवाशी इमान राखते का. पहिलीला सुसंगती म्हणू, दुसरीला अनुभवाशी इमान. सासरा झोपला होता का, हा प्रश्न पहिल्या खात्यातला.

फिशरसाहेबांचं मला पटतं. अडचण एवढीच, की त्यांचा निबंध यायच्या साडेतीन वर्षं आधीच त्यांच्या कसोटीची एक परीक्षा वॉशिंग्टनमध्ये होऊन गेली होती.

28 सप्टेंबर 1980, रविवार. वॉशिंग्टन पोस्टच्या पहिल्या पानावर जॅनेट कुक या तरुण बातमीदार बाईंचा ‘जिमीज वर्ल्ड’ हा मजकूर आला. जिमी आठ वर्षांचा, हेरॉइनचा व्यसनी, घराण्यातली तिसरी पिढी. आईचा मित्र रॉन त्याला स्वतःच्या हातानं सुई टोचतो. मुलाच्या अंगात महागडा टी-शर्ट, पायात भारी बूट. शाळेत त्याला रस फक्त गणितात, कारण पुढे माल विकायचा तर हिशेब आला पाहिजे.

हे गणिताचं वाक्य वाचून मी दाद दिली, हे कबूल केलं पाहिजे. व्यसनी मुलगा शाळा टाळणार हे कोणीही लिहील. पण तो एकच विषय धरून ठेवतो आणि त्याला कारणही चोख आहे, हे सुचायला हात लागतो. सुसंगती म्हणजे आणखी काय! आजी, आई, मुलगा; सुई, बूट, बेरीज. सगळं एकाला एक लागून आलेलं.

अनुभवाशी इमानही होतंच. शहरात हेरॉइनचा सुळसुळाट होता, हे वाचकाला ठाऊक होतं. गरीब वस्त्यांत मुलांचे हाल होतात, हेही ठाऊक होतं. आता तर्कशास्त्राला विचारलं तर ते म्हणेल, शहरात हेरॉइन आहे आणि शहरात मुलं आहेत, एवढ्यावरून जिमी आहे हे सिद्ध होत नाही. पण तर्कशास्त्राला विचारतो कोण? वाचकांच्या पोटात कालवलं, फोन खणखणले. महापौर मॅरियन बॅरी यांनी पोलीस कामाला लावले. दोन-अडीच आठवडे पोलीस आणि शिक्षक मुलांचे दंड तपासत फिरले. दरम्यान महापौरांनी जिमी आम्हाला ठाऊक आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत, असंही जाहीर करून टाकलं. नसलेल्या रुग्णाला इतक्या तत्परतेनं उपचार मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

कारण जिमी नव्हताच. कुकबाईंनी तो लिहिला होता.

पण लगेच ‘फिशर चुकले’ म्हणून पाटी पुसायला जाऊ नये. बातमी छापली जाण्याच्या सुमाराला आणि नंतरही काही जणांना ती पटली नव्हती, आणि हे सगळे फिशरच्याच कसोटीनं अडले होते. कुकबाईंच्या आधीच्या संपादक विव्हियन ॲप्लिन-ब्राउनली यांनी ती वाचून शहर संपादक मिल्टन कोलमन यांना सांगितलं, की माझा यावर विश्वास नाही. पुरावा काय? काही नाही. त्या कुकबाईंना ओळखत होत्या, त्यांची नाव कमवायची घाई ओळखत होत्या. हॉवर्ड विद्यापीठात व्यसनींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांचं म्हणणं आणखी साधं होतं: व्यसनी माणसं बातमीदारावर विश्वास ठेवत नाहीत, ती त्याच्या देखत सुई टोचून घेतील हे शक्य नाही. म्हणजे पुन्हा तेच, पात्रं स्वभावाला धरून वागत नाहीत. ज्यानं व्यसनी नुसता वाचला त्याला रॉन खरा वाटला. ज्यांच्यासमोर रॉनसारखे रोज येऊन बसत, त्यांना तो कागदावरचा वाटला.

नंतर कोर्टलँड मिलॉय हा बातमीदार कुकबाईंबरोबर गाडीतून त्या वस्तीत गेला. जिमीचं घर काही सापडेना. मिलॉयला ती वस्ती परिचयाची, आणि बाईंना इथल्या गल्ल्याच ठाऊक नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कोलमनना तसं सांगितलं. कोलमनना वाटलं, मिलॉयच्या मनात असूया असेल.

या उत्तरावर थांबावंसं वाटतं. एका बातमीदाराला मोठी बातमी मिळाली, दुसऱ्याच्या पोटात दुखलं, ही गोष्टसुद्धा किती सुसंगत आहे पाहा! वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी केलेल्या कोणाच्याही अनुभवाशी ती इमान राखते. म्हणजे एक खोटी गोष्ट वाचवायला दुसरी पटणारी गोष्ट हजर झाली, आणि दोन्ही त्याच चाळणीतून अल्लद खाली उतरल्या.

तिसरीही एक होती, आणि ती सगळ्यांत जुनी. हे पोस्ट म्हणजे वॉटरगेटवालं पोस्ट. संपादक बेन ब्रॅडली तेच, आणि ज्यानं नाव न सांगता येणाऱ्या माणसाच्या भरवशावर राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवायला हातभार लावला तो बॉब वुडवर्ड आता महानगर विभागाचा प्रमुख. त्या घराची स्वतःबद्दलची गोष्टच अशी, की खरा बातमीदार आपल्या माणसाचं नाव प्राण गेला तरी फोडत नाही. कुकबाई म्हणाल्या, रॉननं मला जिवाची धमकी दिलीय, नावं सांगता येणार नाहीत. कोलमननी नावं सांगण्याचा आग्रहच धरला नाही. पोलिसांनी मागितली तेव्हा वर्तमानपत्र राज्यघटनेचा आधार घेऊन ताठ उभं राहिलं. अंधाऱ्या वाहनतळावरच्या गुप्त भेटींवर ज्या घरानं नाव कमावलं, तिथे ‘मला पत्ता दाखव’ असं कोण म्हणणार?

पत्ता शेवटी दुसऱ्याच बाजूनं लागला. 13 एप्रिल 1981 ला पुलित्झर पारितोषिकं जाहीर झाली आणि कुकबाईंना एक मिळालं. पारितोषिक म्हटलं की विजेत्याचा परिचय छापायचा. आपल्याकडे लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा हाताहातांतून फिरताना जसा बाळसं धरतो, तसा हा परिचय पोस्टमध्ये नोकरीचा अर्ज करताना होता त्याहून पुलित्झरच्या अर्जात आणखी गुटगुटीत झाला होता. व्हासर कॉलेजची उच्च श्रेणीतली पदवी, टोलेडोची एम.ए., पॅरिसच्या सॉर्बोनमधलं शिक्षण, हाताशी परकीय भाषा. हा परिचय टोलेडो ब्लेड या वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचला. बाई पूर्वी तिथेच कामाला होत्या आणि तिथल्या माणसांना त्या अगदी वेगळ्या आठवत होत्या. व्हासरमध्ये त्या एकच वर्ष होत्या, आणि टोलेडोची पदवी होती ती बी.ए.ची.

आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावरच्या खुणा शोधायला अख्खं पोलीस खातं लागलं होतं. बाईंची पदवी तपासायला एक फोन पुरला. तो कामावर घेतानाच करता आला असता, पण हुशार, देखणी लिहिणारी, कृष्णवर्णीय, व्हासरची पदवीधर, हीसुद्धा एक फार जुळून आलेली गोष्ट होती आणि ती पटायची सगळ्यांनाच घाई होती.

मग ब्रॅडलींनी कुकबाईंना बोलावून फ्रेंचमध्ये बोलायला सांगितलं. पुलित्झर मिळवणाऱ्या बातमीदाराची तोंडी परीक्षा, आणि तीही फ्रेंचची! ती उतरली नाही. रात्र उलटता उलटता बाईंनी कबूल केलं, की जिमी नाही, त्याची आई नाही, रॉन नाही. पोस्टनं पारितोषिक परत केलं आणि वाचकांची बाजू सांभाळणाऱ्या बिल ग्रीन यांनी काही दिवसांत सगळी कुळकथा, घरातल्यांची नावं घेऊन, त्याच पोस्टमध्ये छापली. मिलॉयचं आणि ॲप्लिन-ब्राउनलींचं म्हणणं आपल्याला कळतं ते त्यामुळेच.

फिशरनी आपल्या निबंधात एक भाबडं वाटणारं वाक्य आधाराला घेतलं आहे: लोकांचा ओढा स्वभावतःच खऱ्याकडे आणि न्याय्याकडे असतो, असं ॲरिस्टॉटलचं मत. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलं ते उगाच नाही. मला वाटतं, ओढा आहे, पण तो ज्या वस्तीत आपण राहतो तिथपर्यंतच नीट चालतो. काकू सासऱ्याला अचूक पकडतात, कारण सासरे, जावई आणि नवी गाडी यांत त्यांचं आयुष्य गेलं आहे. वॉशिंग्टनच्या आग्नेय भागातल्या सुया त्यांच्यापुढे ठेवल्या तर त्या डोळ्यांना पदर लावतील. पोस्टच्या बहुतेक वाचकांनीही तेच केलं. त्यांचं त्या वस्तीशी नातं वर्तमानपत्रापुरतंच, त्यामुळे वर्तमानपत्राची गोष्ट वर्तमानपत्रातूनच घेतलेल्या अनुभवाशी इमान राखत होती.

शिवाय खोटं रचणारा आपली चाळणी ओळखून रचतो. खऱ्या बातमीला ही सोय नसते. खरा मुलगा गणितात नापास होतो, चित्रकलेत पास होतो, आणि का ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. घटना मध्येच तुटते, साक्षीदार गावाला गेलेला असतो. कोलमनच्या टेबलावर असा ओबडधोबड मजकूर आला असता तर त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. जिमीला कोपरे नव्हते, म्हणून तो कुठे अडला नाही.

परत आलेलं पारितोषिक व्हिलेज व्हॉइसच्या टेरेसा कार्पेंटर यांना देण्यात आलं. त्यांच्या पारितोषिकपात्र लेखांतला एक ॲलर्ड लोवेनस्टाइन या राजकारण्याच्या खुनावर होता आणि त्यात खुन्याच्या मनात काय चाललं होतं ते मोठं पटेल असं आलं होतं. थोड्याच दिवसांत त्याही लेखाबद्दल तक्रार उभी राहिली. कार्पेंटरबाई त्या खुन्याशी कधी बोललेल्याच नव्हत्या.