प्रथमोपचाराचा ताळेबंद

मनुष्याच्या अंगी जबाबदारी कोणत्या वाटेने येईल याचा नेम नाही. माझ्या अंगी ती तुरीच्या फोलपटाच्या वाटेने आली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या डाळमिलच्या दप्तरात मी गेली कित्येक वर्षे जमाखर्च लिहीत आहे, तेथे एका मंगळवारी एका हमालाच्या डोळ्यात फोलपट उडाले आणि तो डोळा चोळीत थेट माझ्या मेजापुढे येऊन उभा राहिला. भिंतीवर प्रथमोपचार पेटी टांगलेली आहे हे मला ठाऊक होते, कारण गेली चार वर्षे माझी छत्री मी तिच्याच खिळ्याला अडकवीत असे. मी मोठ्या गांभीर्याने पेटीकडे गेलो; पेटीला कुलूप होते, कुलपाची किल्ली मुनीमजींच्या जानव्याला होती, आणि मुनीमजी दर मंगळवारच्या रिवाजाप्रमाणे वसुलीसाठी धुळ्याच्या गोदामात, म्हणजे एरंडोल आणि पारोळे ओलांडून सुमारे नव्वद किलोमीटरांवर विराजमान झाले होते. शेवटी आम्ही त्या गृहस्थाला नळाखाली वाकवून डोळ्यावर पाण्याची संथ धार धरली आणि फोलपट निघाले. उपचार योग्यच होता, असे पुढे डॉक्टरांनीही सांगितले. फक्त त्यात पेटीचा काही हात नव्हता.

बुधवारी पेटी उघडली. आत उदबत्तीचा एक पुडा, दोन वर्षांपूर्वीचे पंचांग, एक अर्धवट पावतीपुस्तक आणि फडक्यात बांधलेला चिंचेचा गोळा असा ऐवज निघाला. औषधे त्याखाली होती. शेठजी दारातून हे पाहत होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचं डोकं हिशेबाचं. आजपासून ही पेटीही हिशेबात घ्या.” शेठजींचे बोलणे सौम्य असले तरी त्याला अपील नसते.

हिशेबनीस माणूस आधी कायदा पाहतो. १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या ४५व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी असावी, ती एका जबाबदार आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या इसमाच्या ताब्यात असावी आणि कामाच्या वेळात तो इसम सदैव हाताशी असावा, असे लिहून ठेवले होते. मुनीमजी धुळ्यास असता जळगावच्या हाताशी कसे असतील, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. परंतु त्याच कलमातील आणखी एक वाक्य वाचून मी थक्क झालो: पेटीत विहित वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवू नये! स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालेले, देशापुढे निर्वासितांचा आणि अन्नधान्याचा प्रश्न उभा. तशा त्या धामधुमीत कायदे करणाऱ्यांना आमची चिंच दिसली होती.

पेटीच्या झाकणावर आतून एक यादी डकवलेली होती आणि तिच्यातील प्रत्येक वस्तूपुढे “आहे” असा एकच शब्द कोणीतरी लिहिला होता. साऱ्या घोटाळ्याचे मूळ या शब्दात आहे, असे माझे मत झाले. एक निर्जंतुक पट्टी असली तरी “आहे”, बारा असल्या तरी “आहे”, आणि बारा वेष्टने असून त्यांतील पाचांच्या पोटात काहीच नसले तरीही “आहे”. आमच्याकडे हा तिसरा प्रकार होता. ज्यांनी पट्ट्या घेतल्या त्यांनी वेष्टने मात्र इमानाने परत ठेवली होती. मग मी एकेक नग मेजावर मांडून मोजला, आणि ती मोजदाद म्हणजे आमच्या मिलची गेल्या सालाची दैनंदिनीच ठरली. कापसाचा गठ्ठा दसऱ्याला अत्तराच्या फायांत गेला होता. रोलर पट्टीचे एक भेंडोळे गणपतीच्या मखराला लागले. सेफ्टी पिना प्रजासत्ताकदिनी छातीवर झेंडे लावण्यात कामी आल्या. कात्री पोती शिवणाऱ्यांच्या सुतळीत, दाभणांच्या शेजारी सापडली. चिकटपट्टीने दूरध्वनीचा रिसीव्हर बांधलेला होता, आणि तो बांधणारा मीच होतो. म्हणजे पेटीतून वस्तू जात होत्या. जखमेवर मात्र फारच थोड्या गेल्या होत्या.

पुढच्या मंगळवारी मी मुनीमजींबरोबर धुळ्यास गेलो. तेथील गोदामाचे तात्या हे सत्तरीकडे झुकलेले, करारी गृहस्थ. “पेटीले मी कोनले हात लावू देस नही,” असे त्यांनी अभिमानाने सांगितले आणि ते अक्षरशः खरे होते. धुळ्याची पेटी काठोकाठ भरलेली, प्रत्येक वस्तू घडीव ओळीत, जणू एखाद्या संशोधन मंडळाच्या दप्तरखान्यातील. आणि जवळजवळ सगळी मुदतबाह्य. भाजल्यावरच्या मलमाची मुदत संपून तीन वर्षे झाली होती. टिंक्चर आयोडिनच्या बाटलीतील अर्धा द्रव उडून उरलेला काळाकुट्ट झाला होता. त्यातील मद्यार्क उडतो, आयोडिन मागे राहून तीव्र होते, आणि असे औषध जखमेला लावले तर कातडी भाजण्याचा संभव असतो. काही निर्जंतुक पट्ट्यांवरची तारीख अजून शिल्लक होती, पण त्यांच्या कागदाचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते. वेष्टन फाटले वा भिजले की ती पट्टी निर्जंतुक राहत नाही, मग तारीख काहीही म्हणो. जळगावची पेटी उधळेपणाने मेली होती आणि धुळ्याची काटकसरीने.

तात्यांच्या यादीत सर्पदंशाचे लँसेट आणि पोटॅशियम परमँगनेट हेही होते, कारण जुन्या नियमांच्या यादीत या वस्तू असत. ते इवलेसे पाते त्यांनी मला तलवार दाखवावी तसे दाखवले. दंशाच्या जागी चिरा देऊन ते स्फटिक भरू नयेत, रक्त चोखू नये, दोर आवळू नये. अवयव स्थिर ठेवून माणसाला ताबडतोब प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात न्यावे, हे आजचे शास्त्र त्यांना पटवायला एक पूर्ण चहा लागला. पाते भंगारात गेले. तात्या त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

आता नव्या यादीचा तपशील. तिच्यात “आहे” हा शब्द वर्ज्य केला आणि चार रकाने आखले: ठरलेले नग, हाती असलेले नग, सर्वांत आधी संपणारी मुदत, आणि घेणाऱ्याचे नाव. ठरलेले नग किती असावेत याचा निर्णय दुखापतींच्या वहीने केला. जळगावात पोत्यांच्या आकड्यांनी आणि दाभणांनी बोटे फुटतात, त्यामुळे चिकटपट्ट्यांचा खरा खप महिन्याला दहाच्या आसपास निघाला. मी तीस ठरवल्या: दहा खपासाठी, दहा एखादी मासिक तपासणी चुकली तर, आणि दहा वाईट महिन्यासाठी; वीसच्या खाली आकडा गेला की खरेदी. उलट भाजल्यावरची मोठी पट्टी वर्षभरात एकदाही लागली नव्हती. ती ठेवणे अवश्य, पण दोनच. औषधविक्रेत्याने डझनाचा डबा स्वस्त पडेल म्हणून गळ घातली. ती मानली असती तर दहा पट्ट्या मी मुदत संपण्यासाठीच विकत घेतल्या असत्या. डोळे धुण्याच्या सलाईनच्या लहान बाटल्या चार ठेवल्या, आणि प्रत्येकीवर “एकदा उघडली की उरलेले फेकावे” अशी चिठ्ठी लावली. मुदत सीलबंद बाटलीची असते, उघड्या बाटलीची नव्हे.

धुळ्याच्या पेटीत एकच जिवंत ऐवज होता: चाळीस चिकटपट्ट्या, मुदत ऑगस्टअखेर. त्या वेळी मे महिना संपत आला होता. ऑगस्टपर्यंत तीन महिने, दरमहा दहा, म्हणजे जळगाव तीस संपवील; म्हणून तीस मुनीमजींच्या पिशवीतून जळगावास रवाना केल्या आणि दहा तात्यांकडे ठेवल्या. पेटीत जुन्या वस्तू पुढे आणि नव्या मागे हा क्रम लावला, कारण हात नेहमी पुढच्या वस्तूवर पडतो. ऑगस्टच्या अखेरीस जळगावात दोन उरल्या. वेष्टनावर नुसता महिना आणि साल छापलेले असते तेव्हा त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा असतो, म्हणून त्या दोन मी एकतीस तारखेपर्यंत ठेवल्या आणि एक तारखेला काढल्या.

खरी फजिती स्मरणाची झाली. मुदतीच्या तीन महिने आधी खरेदीची आठवण व्हावी, अशी खूण मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने केली. डिसेंबर संपताच शिपायाने दिनदर्शिका उतरवून वह्यांना कव्हरे घातली, आणि पुढच्या सालच्या ज्या तारखा मी तिच्या मागच्या पानावर टिपल्या होत्या त्या विक्रीच्या वहीवर उलट्या बाजूने आत गेल्या. धुळ्याच्या तरुण मदतनिसाने आपल्या भ्रमणध्वनीत घंटा लावली होती. तो नोकरी सोडून सुरतेला गेला, आणि आमच्या मलमाची मुदत संपल्याची घंटा सुरतेतच वाजली. तेव्हा आता तारखा नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सालवार लिहितो आणि नवी दिनदर्शिका दुकानातून आली की, तिला खिळा मारण्याआधी, त्या तिच्यावर उतरवून घेतो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे मुनीमजी धुळ्यास असतील तेव्हा, तपासणी होते; धुळ्याची मोजदाद ते तेथून फोनवर सांगतात आणि “आहे” म्हणाले की मी “किती?” विचारतो. कुलूप गेले. त्या जागी दोऱ्याची एक गाठ आणि तिच्यावर लाखेचा ठिपका आहे. गाठ तुटलेली दिसली की त्याच दिवशी मोजायचे, शाबूत असली तर फक्त तारखा पाहायच्या. छत्रीला वेगळा खिळा ठोकला.

एक उणीव मात्र माझ्या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर राहिली आहे. गोळ्यांच्या पत्त्यावर मुदत एका टोकाला छापलेली असते, आणि आमच्याकडचा प्रत्येक इसम पहिली गोळी नेमकी त्याच टोकाची काढतो, तीही टोक कातरून; मग उरलेल्या गोळ्या कोणत्या सालच्या हे देवालाच ठाऊक, आणि त्या टाकून द्याव्या लागतात. कागदी डब्याचेही तेच: तारीख डब्यावर, डबा केरात. नव्या नगांवर मी ते आणल्याबरोबर शाईपेनाने तारीख घालतो, पण चकचकीत पत्त्यावर शाई ठरत नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, आपल्या कचेरीत किंवा घरी, गोळीचा पत्ता हाती आला म्हणजे छापलेले टोक आधी शोधावे आणि गोळी दुसऱ्या टोकाची काढावी.