काम झालं, आता भाव ठरवू

भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण एक पथ्य पाळतो. जे काय बोलायचं ते भेंडी पिशवीत पडायच्या आधी. भेंडी घरी नेली, परतली, पंगत उठली आणि मग कोणी मंडईत येऊन ‘पावकिलोमागे पाच रुपये परत दे’ म्हणाला, तर भाजीवाला त्याला तागडी फेकून मारेल. डिझाइनच्या धंद्यात मात्र अशा माणसाला क्लायंट म्हणतात आणि वर चहा पाजतात.

आमच्या ओळखीच्या एका डिझायनर बाईंनी एका मसालेवाल्या शेठना सहा पाकिटांची डिझाइनं करून दिली. ठरले ६० हजार. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. फाइल गेल्या, छपाई झाली, कांदा-लसूण मसाला दुकानात लटकू लागला. महिन्याभराने बिलाची आठवण करून दिली, तेव्हा शेठचा फोन आला.

“ताई, मग फायनल किती द्यायचे?”

हा ‘फायनल’ फार मुरलेला शब्द आहे. आधी ठरलं होतं ती नुसती तालीम होती, असं तो एका दमात सांगून टाकतो. “तीस राहिलेत त्यातले दहा सोडा. साठात दहा म्हणजे काय हो, सहावा हिस्सा! आपल्याला पुढे पापडाची पाकिटं करायचीयत. आणि मेव्हण्याचा मुलगा म्हणतो, हे कॉम्प्युटरवर तासाभरात होतं.”

हा मुलगा महाराष्ट्रात प्रत्येक क्लायंटला आहे. काम सुरू होण्याआधी तो कुठे असतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

सहाव्या हिश्श्याचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. साठातले १२ हजार बाईंनी फोटोग्राफरला कधीच देऊन टाकले होते. त्याला आता ‘दोन हजार परत दे’ म्हणायची सोय नव्हती. म्हणजे दहा हजार जाणार ते त्यांच्या ४८ हजारांतून, पाचव्या हिश्श्याहून जास्त. शेठच्या सहाव्या हिश्श्याचे सगळे वाटेकरी त्या एकट्याच.

अशा वेळी नव्वद टक्के लोक (हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय) “बघते” म्हणतात. “बघते” म्हटलं की पाच हजार गेले, उरलेल्या पाचांवर चर्चा सुरू. दुसरी चूक म्हणजे घरभाडं आणि मुलांची फी सांगणं. शेठकडे त्याहून मोठी दुःखं असतात आणि त्यांत एक मर्सिडीजचा हप्ताही असतो.

बाईंनी फोनवर इतकंच सांगितलं, “लिहून पाठवते.” आणि लिहिलं ते असं:

“नमस्कार. काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं, छपाईही झाली. कामात काही कमी राहिलं असेल तर नेमकं काय ते कळवा, दुरुस्त करून देते. ठरलेली रक्कम बदलणार नाही. एकरकमी जड जात असेल तर पंधरा-पंधरा हजारांचे दोन हप्ते करू. पापडाच्या कामाची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम आली की त्या दरात सवलतीचं बोलू.”

यात माफी नाही आणि राग तर नाहीच. तक्रार खरी असेल तर तिला वाट आहे, पैशांची अडचण खरी असेल तर तिलाही आहे. नुसती हौस असेल तर तिला मात्र जायला जागा नाही. काम कमी करून पैसे कमी करता येतात, पण ते सुरुवातीला: सहाऐवजी पाच पाकिटं. छापून झालेलं सहावं पाकीट आता कसं उतरवणार?

बाईंची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीपासूनची होती, हे शेठना ठाऊक नव्हतं. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात एक मजेशीर तरतूद आहे. काम हाती पडल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते हाती पडलं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरतात. तिथून पुढे लेखी करारात मुदत काहीही असो, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. या व्याजाचा हिशोबही मेव्हण्याचा मुलगा तासाभरात करू शकला असता.

बाईंनी कायद्याचं नाव काढलं नाही. पहिल्याच पत्रात कलम दाखवलं की पापड कायमचे गेले. ते दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवलं होतं.

दुसऱ्या पत्राची वेळ आली नाही. चार दिवसांनी खात्यात २४ हजार जमा झाले आणि खाली मेसेज: ‘टीडीएस ६००० कापला.’ साठ हजारांवर दहा टक्के, नियमाने बरोबर. ते पैसे सरकारात बाईंच्या नावे भरले जातात आणि त्यांच्याच आयकरात वळते होतात. शेठ मात्र त्या दिवसापासून बाजारात सांगत फिरतायत, “बाई फार कडक, पण शेवटी दहा टक्के कमी करायला लावलेच.”

बाईंनी ते खोडून काढलेलं नाही. शेठनी ते सहा हजार खरंच भरलेत का, एवढं मात्र त्या २६एएस फॉर्मवर तपासतायत.