सूत्रधार जातच नाही

उपनगरातला परिसंवाद सहाला असतो, म्हणजे सहा वीसला सुरू होतो. विषय बहुधा ‘पुनर्विकास: संधी की संकट?’ असा असतो, कारण घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत दर दुसऱ्या सोसायटीच्या भिंतीला तडा आणि सेक्रेटरीला डोकेदुखी आहे. मंचावर चार खुर्च्या: वास्तुविशारद, वकील, बँकेतला माणूस आणि पुनर्विकास होऊन नव्या घरात राहायला गेलेल्या एक ताई. कडेला पाचवी खुर्ची सूत्रसंचालकाची. तिच्यावर तो क्वचितच बसतो, कारण तो उभाच असतो.

त्याची सुरुवात ठरलेली. आधी एक चारोळी. मग ‘चार भिंती म्हणजे घर नव्हे’. मग मुंबई कधीकाळी सात बेटं होती, ही बातमी. मग प्रत्येक वक्त्याचा परिचय, जो वक्त्यानेच तीन पानं लिहून पाठवलेला असतो आणि ज्यात शालेय वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ पारितोषिकही सुटलेलं नसतं. सभागृहातले लोक आपल्या गिरणीकाळातल्या इमारतीचं काय होणार हे ऐकायला आलेले असतात. त्यांना वास्तुविशारदाची इयत्ता नववी कळते.

हिशेब करून पाहा. कार्यक्रम नव्वद मिनिटांचा. वीस उशिरात गेली, पंधरा दीपप्रज्वलन आणि पुष्पगुच्छांत (समईची वात कधीच पहिल्या काडीला पेटत नाही), बारा सुरुवातीच्या भाषणात. शेवटी दहा प्रश्नांना आणि पाच आभाराला राखून ठेवायची. उरली अठ्ठावीस. त्यात एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जायच्या सात जोडण्या, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे साडेदहा गेली. राहिलेली साडेसतरा चौघांत वाटली की माणशी जेमतेम साडेचारही येत नाहीत. एकट्या सूत्रसंचालकाची मात्र साडेबावीस होतात. परिसंवाद कोणाचा होता, हे पत्रिकेवरून नव्हे, घड्याळावरून ठरवावं.

मुलुंडच्या नाट्यगृहाला महाकवी कालिदासांचं नाव आहे. त्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून ठेवला होता. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार येतो, नाटक कोणाचं आणि कोणतं ते सांगतो, नटीला ग्रीष्मावर गायला लावतो. गाणं ऐकून तो इतका हरवतो की कोणतं नाटक करायचं तेच विसरतो. नटी आठवण करून देते. त्यावर तो म्हणतो, तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं, जसं त्या वेगवान हरणाने या दुष्यंत राजाला. आणि हरणामागे रथातून राजा प्रवेश करतो. एका वाक्यात मागचं गाणं संपलं, पुढचं पात्र आलं, आणि विसरण्याची गोष्ट विसरण्यानेच सुरू झाली. त्यानंतर सूत्रधार काय करतो? निघून जातो! आपल्याकडे हे शेवटचं कलम कुणी वाचलेलं दिसत नाही.

सुरुवातीला दोन मिनिटं पुरतात. ‘इथून उठताना तुम्हाला एक गोष्ट कळलेली असेल: बिल्डरच्या पत्रातलं जास्तीचं क्षेत्रफळ खरोखर मिळतं का आणि ते अडतं कुठे. हे चौघे इथे का आहेत? या ताई नव्या घरात राहतात. यांनी नकाशे काढले. यांनी करार केले आणि मोडताना पाहिले. यांनी कर्ज दिलं. ताई, पहिला प्रश्न तुम्हाला.’ संपलं. अनुभवी माणूस आदल्या आठवड्यात चौघांशी दहा-दहा मिनिटं फोनवर बोललेला असतो, आणि त्याला ठाऊक असतं की वास्तुविशारद आणि वकील यांचं कुठे पटत नाही. नेमक्या त्या जागेसाठी परिसंवाद असतो. आपले सूत्रसंचालक फोनवर एवढंच विचारतात, ‘सर, शाकाहारी ना?’

आता जोडण्यांकडे या. वास्तुविशारद म्हणतात, ‘या प्लॉटवर बावीस मजले सहज जातील.’ सूत्रसंचालक म्हणतो, ‘वा! किती सुंदर मांडणी केलीत सर. बावीस मजले! म्हणजे सरांचं म्हणणं असं, की या प्लॉटवर बावीस मजले जातील. आकाशाला गवसणी घालणारी ही स्वप्नं घेऊन आपण आता वळू या कायद्याकडे.’ आणि वकील कलम ७९अ खालच्या मार्गदर्शक सूचना पहिल्यापासून सांगायला लागतात, कारण त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. बावीस मजले तसेच हवेत.

अंधेरीकरांना हा प्रकार डोळ्यांनी पाहायला मिळाला आहे. २६ फेब्रुवारी २०२४ ला गोखले पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिलेला दिसला. दोन्ही पूल आपापल्या जागी भक्कम, फक्त एकावरून दुसऱ्यावर जाता येत नव्हतं. मग व्हीजेटीआयचा सल्ला घेतला, जॅक लावून बर्फीवाला एका बाजूला १३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला, आणि जुलैत वाहनं सुरू झाली. ‘वळू या कायद्याकडे’ म्हणणाऱ्याकडे जॅक नसतो. तो कठड्यावर फुलं लावतो.

तीच जोडणी नीट केली तर अशी होईल: ‘वकीलसाहेब, हे बावीस म्हणतात. सोसायटी घाटकोपरची, विमानं डोक्यावरून उतरतात. विमानतळ प्राधिकरणाने चौदा मजल्यांचीच उंची मंजूर केली, तर करारात लिहिलेलं जास्तीचं क्षेत्रफळ द्यायला बिल्डर बांधलेला राहतो का?’ पंधरा सेकंद. नाव आधी घेतलं, म्हणजे वकील मोबाइलवरून मान वर काढतात आणि प्रश्न पूर्ण होईपर्यंत जागे होतात. आधीच्या उत्तरातली एकच गोष्ट उचलली, बावीस हा आकडा. त्याची स्तुती केली नाही, तो पुन्हा सांगितला नाही, त्याला अडचणीत टाकलं. आता वकिलांना कलम पहिल्यापासून सांगताच येत नाही, आणि वास्तुविशारदांना उत्तर द्यायची खुमखुमी येते. पुढची जोडणी त्यांची तेच करतात. सूत्रसंचालकाने गप्प बसायचं, जे त्याच्या मानधनात धरलेलं नसतं.

एक अडचण मात्र खरी आहे. चांगली जोडणी घरून लिहून नेता येत नाही. त्यासाठी चालू उत्तर ऐकावं लागतं, आणि ते चालू असताना आपला सूत्रसंचालक पुढची चारोळी चाळत असतो. त्याने ऐकलेलं नाही याची खूण सोपी आहे: वक्ता ‘हा धोका आहे’ म्हणून थांबतो आणि जोडणी येते, ‘किती आश्वासक विचार!’ लांबणाऱ्या वक्त्याला थांबवायचं, तेही ऐकत असलेल्यालाच जमतं. वाक्य संपून श्वास घेतला जातो त्या फटीत नाव घेऊन पुढचा प्रश्न टाकावा लागतो. न ऐकणाऱ्याकडे चिठ्ठी असते. ती वक्ता चष्मा काढून वाचतो, खिशात ठेवतो आणि म्हणतो, ‘वेळेअभावी थोडक्यात सांगतो.’

प्रेक्षकांतले काका उठतात. ‘प्रश्न नाही, दोन मुद्दे मांडतो.’ ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिलेला असतो. स्वयंसेवकाने तो स्वतः धरून ठेवायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या मुद्द्याचा तिसरा उपमुद्दा सुरू होतो तोवर आभार मानणाऱ्या वहिनी मंचावर चढलेल्या असतात.

बाहेर बटाटेवड्याच्या टेबलापाशी वकील आणि वास्तुविशारद शेजारी येतात. चटणी घेता घेता वकील विचारतात, ‘बावीस म्हणालात, पण उंचीची परवानगी हातात आहे का?’ ‘अजून नाही. चौदाचीही येऊ शकते.’ ‘मग करारात क्षेत्रफळ कशाच्या जोरावर लिहिलंत?’ तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी हातातला वडा विसरून तिथे गोळा होतात. ताई सांगतात, त्यांच्याकडे याच कारणाने काम दोन वर्षं अडलं होतं. बँकवाले म्हणतात, म्हणून तर आम्ही परवानगी पाहिल्याशिवाय पैसा सोडत नाही.

एवढ्यात आतून आवाज येतो, ‘सगळे वक्ते मंचावर या, ग्रुप फोटो राहिलाय!’ आणि सूत्रसंचालक चौघांनाही आत घेऊन जातो.