बॅग तुझी, सल्ले माझे

अगं, काल तुझी बॅग उचलून बघितली. बॅग उचलली गेली नाही, मीच थोडी वाकले. चार दिवसांसाठी विजयपूरला निघालीस की लेकीला सासरी पाठवतेस?

प्रवासातली जाणती म्हणून कमठाण्यात माझा थोडा दरारा आहे, हे तुला ठाऊकच आहे. आजवरच्या माझ्या प्रत्येक प्रवासात तिकीट दुसऱ्याच्या खिशात आणि बॅग तिसऱ्याच्या हातात होती. मी फक्त खिडकी सांभाळली. त्यामुळे सल्ले द्यायला माझ्याइतकं मोकळं दुसरं कोण असणार?

तर पहिला सल्ला. आधारकार्ड साडीच्या घडीखाली ठेवू नकोस. ११ जून २०२३ पासून बायकांना फुकट प्रवास झाला खरा, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडत नाही. शून्याचं म्हणून ते चुरगाळून टाकू नकोस, तपासनीस चढला तर तेच दाखवावं लागतं. एसी आणि स्लीपर गाडीत ही सोय नाही. साध्या लाल गाडीनं बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, तिथं गाडी बदलून जेवर्गी, सिंदगीवरून विजयपूर. आणि निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव आहेत हे ध्यानात ठेव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आरक्षण मिळालंय, मोडू नकोस.

आता खरा विषय, कडक भाकरी. चाळीस भाकरी घेतल्यास म्हणे! अगं, विजयपूर म्हणजे ज्वारीचं माहेर, खानावळीत बसलीस की भाकरीच पुढ्यात येईल. पण तू ऐकणार नाहीस, तेव्हा निदान नीट ने. कडक भाकर बिघडते ती ओलाव्यानं. पीठ उकळत्या पाण्यात मळलेलं असावं, भाकर पापडासारखी पातळ थापलेली असावी आणि काठ तर मधल्यापेक्षा जाड नसावेच, कारण ओल दडून बसते ती काठातच. तव्यावर भाजली की काम संपत नाही. चुलीच्या कडेला उभी करून मंद धगीवर वाळवावी लागते. झाली की नाही हे कानानं कळतं: मोडताना ‘कट्’ वाजली तर झाली, वाकली तर परत धगीला. गरम असताना डब्यात कोंबलीस तर वाफेनं घाम फुटतो आणि दोन दिवसांत काठावर हिरवे ठिपके येतात. पूर्ण निवू दे, मग सुती धडप्यात गुंडाळ. प्लास्टिकच्या पिशवीत नको. शेंगाचटणी मात्र बाटलीत, कागदाच्या पुडीत नाही. तेल साडीला लागलं की चार दिवस कुत्री मागं लागतील. एवढं सगळं सांगितलं, पण यातली एकही भाकर मी कधी केलेली नाही. आमच्याकडे सासूबाई करायच्या, मी आवाज ऐकायचे.

बॅग हलकी हवी यामागं दुसरंही कारण आहे. गोल घुमटाच्या कुजबुज गॅलरीपर्यंत लिफ्ट नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्यानं सात मजले चढायचे. सकाळी लवकर जा. शाळांच्या सहली आल्या की घुमटात फक्त ‘ओऽऽ’ राहतं. त्याआधी गेलीस तर भिंतीला तोंड लावून हळू बोललेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं. पण तू एकटी आहेस, समोर कोण ऐकणार, असं मी म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, ‘एखादी अनोळखी बाई ऐकेल की.’ मला उत्तर सुचलं नाही, आणि मला उत्तर सुचत नाही असं फारसं होत नाही.

राग मात्र एका गोष्टीचा येतो. परवापासून दारावर येणारा जो तो विचारतो, ‘बरोबर कोण आहे?’ इतकी वर्षं तू बाळंतपणाला गेलीस, मयतीला गेलीस, भाच्याच्या लग्नाला ढीगभर भांडी घेऊन गेलीस, तेव्हा कोणी विचारलं नाही. काम असलं की बाई एकटी चालते, मन असलं की सोबत लागते. हे मी हसत लिहीत नाही. तूही त्यांना कारणं देत बसू नकोस. ‘घुमट बघायला’ एवढं पुरे.

भाकरी दहा ने. दोन साड्या, गोळ्या, टॉर्च, पाण्याची बाटली. उरलेली बॅग माझ्याकडे ठेव. पोचल्यावर एकदा फोन कर. त्यानंतर माझा आला तर उचलू नकोस.