पत्र नको, पट्टी द्या

‘सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम ही लागू शुल्क व चलन रूपांतरण यांच्या अधीन राहून कमी-अधिक असू शकते. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

हे पत्र माझ्या भाच्याचं. तो न्यू जर्सीत राहून कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी विकतो. बरणीवरची लेबलं त्याने राजारामपुरीतल्या एका डिझायनर मुलीकडून करून घेतली. काम एका परदेशी प्लॅटफॉर्मवरून दिलं आणि भाव ठरला 500 डॉलर. त्या दिवशी डॉलर 85 रुपयांना होता. म्हणजे मुलीच्या डोक्यात 42,500 रुपये पक्के. बँकेचा मेसेज आला 37,401 रुपये 70 पैशांचा. तिने एका ओळीत विचारलं, “दादा, वरचे पाच हजार कुठं गेले?” दादाने उत्तरादाखल वरचं पत्र रचलं आणि आधी मला धाडलं. “मामा, तुम्ही पेपरात लिहिता. भाषा जरा मऊ करून द्या की.”

भाषा मऊच होती, इतकी की बोट घातलं तर आरपार जाईल. ‘कमी-अधिक’ यावर मात्र मी थबकलो. या मार्गाने अधिक पैसे मिळालेला माणूस उभ्या करवीर तालुक्यात कुणी दाखवला, तर त्याला मी पदरचा तांबडा-पांढरा खाऊ घालीन.

मी भाच्याला म्हटलं, “अरे, नेमकं काय कापलं ते तरी कळव.” त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या कार्डावरून 500 गेले, वर प्लॅटफॉर्मने त्याच्याकडूनही 5 टक्के घेतले, म्हणजे 525. त्याचा हिशोब तिथे मिटला. शेवटी मुलीनेच आपल्या खात्यातल्या नोंदी पाठवल्या आणि आम्ही मामा-भाचे व्हिडिओ कॉलवर बेरीज-वजाबाकीला बसलो.

पहिली कात्री सरळ होती. प्लॅटफॉर्मची 10 टक्के फी, म्हणजे 50 डॉलर, म्हणजे 4,250 रुपये. ही नोंद लिहिलेली होती, आणि काम घेताना मुलीने ती मान्यही केली होती. दुसरी कात्री पैसे काढण्याची, 1 डॉलर. राहिले 449. आता 449 गुणिले 85 केले तर 38,165 रुपये यायला हवेत. आले 37,401 रुपये 70 पैसे. मधले 763 रुपये कुठल्याच ओळीत नाहीत. फी म्हणून नाहीत, कर म्हणून नाहीत, दिलगिरी म्हणूनही नाहीत.

ते दरात बसले होते. हाती आलेले रुपये भागिले निघालेले डॉलर करा: दर निघतो 83 रुपये 30 पैसे. बाजारात 85 आणि प्लॅटफॉर्मच्या खिडकीवर 83.30. डॉलरमागे 1 रुपया 70 पैसे, बरोबर 2 टक्के. स्क्रीनवर मात्र ‘रूपांतरण शुल्क: 0’ असं हिरव्या अक्षरांत झळकत होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. शुल्क नव्हतंच. भाव पाडला होता.

हा भागाकार करायला सीए लागत नाही. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते, त्याच्याशी आपला दर ताडून पाहायचा. त्या दरात तुम्हा-आम्हाला डॉलर कुणी बदलून देत नाही, बँकही आपला वाटा ठेवतेच. त्यामुळे थोडाफार फरक चालायचा. पण तो किती, हे कळल्याशिवाय भांडण कुणाशी करायचं तेही ठरत नाही.

इतकं झाल्यावर भाच्याने दुसरा मसुदा पाठवला: ‘सदर वजावट ही तिसऱ्या पक्षाकडून झाली असून तिच्याशी कंपनीचा संबंध नाही.’ मी विचारलं, “प्लॅटफॉर्म निवडला कुणी?” “मीच.” “रक्कम डॉलरमध्ये ठरवली कुणी?” “मीच.” “मग संबंध नाही कुणाचा?” कॉल अडकल्याचं त्याने सोंग केलं. अमेरिकेत नेट अडकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो. रवे किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती, आणि तळाला हातात काय. अडत्याच्या मऊ भाषेबद्दल आजवर कुणी सत्कार केलेला नाही. पण पट्टीत दर लिहिलेला असतो, आणि भांडायचं तर बोट कुठे ठेवायचं ते शेतकऱ्याला दिसतं. भाच्याच्या दोन्ही मसुद्यांत शब्द होते, दर नव्हता.

“मग थेट बँकेतच पाठवतो,” भाचा म्हणाला. तेही फुकट नाही. वायरने पाठवताना खर्च कुणाचा हे फॉर्मवर विचारतात: OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, BEN म्हणजे सगळा घेणाऱ्याचा आणि SHA म्हणजे वाटून. वाटून म्हटलं की वाटेतली मध्यस्थ बँकही आपले डॉलर काढून घेऊ शकते आणि ते घेणाऱ्याच्या रकमेतून जातात. इकडे बँक रुपये करून देते त्यावर जीएसटी: लाखापर्यंतच्या रकमेचा 1 टक्का, पण किमान 250 रुपये, हे सेवेचं मूल्य धरायचं आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे कमीत कमी 45 रुपये. शिवाय प्लॅटफॉर्मवर ओळख झालेल्या माणसाला पहिली 2 वर्षं बाहेरून पैसे द्यायचे नाहीत, अशी अट भाच्याने न वाचताच मान्य केली होती.

शेवटी मी पत्र असं केलं:

‘स. न. तुमचं बिल 500 डॉलर. प्लॅटफॉर्मची फी 50 डॉलर, पैसे काढण्याचा आकार 1 डॉलर. राहिले 449. ते 83.30 या दराने बदलले गेले, त्या दिवशीचा बाजारभाव 85 होता. त्यात 763 रुपये 30 पैसे गेले. एकूण कमी मिळाले 5,098 रुपये 30 पैसे. वहीत उत्पन्न 500 डॉलरचं धरा आणि फी खर्चात दाखवा. परदेशातून पैसे आल्याचा दाखला, म्हणजे फिरा, प्लॅटफॉर्मकडून मागून ठेवा. फी जाणार हे तुम्हाला माहीत होतं. दरातली तूट मी आधी सांगायला हवी होती. पुढच्या कामाला रक्कम रुपयांत ठरवू.’

भाच्याला ‘सांगायला हवी होती’ फार टोचलं. “वकील बघेल मामा.” लेबलाच्या पत्राला वकील! मी ते वाक्य ठेवलं.

मग त्याला एकदम उदारपणा सुचला. 5,098 म्हणजे साधारण 60 डॉलर. पुढच्या खेपेला 560 देतो, तिचे 42,500 पुरे होतील. होत नाहीत. वाढवलेल्या 60 वरही प्लॅटफॉर्म 10 टक्के घेणार आणि उरलेल्याला पुन्हा तोच पडेल भाव. हातात येतील 41,900, म्हणजे 600 रुपये अजून कमीच. हिशोब उलटा, तळापासून करावा लागतो: 42,500 भागिले 83.30, त्यात काढण्याचा 1 डॉलर मिळवायचा आणि आलेल्याला 0.9 ने भागायचं. उत्तर 568. हे ऐकून भाच्याचा उदारपणा जरा बसला, पण तो कबूल झाला.

पत्र गेलं. तासाभरात मुलीचं उत्तर आलं: “हिशोब समजला, आभारी आहे. पुढच्या बरणीचं कोटेशन 570 डॉलरचं लावलंय. वरचे 2 डॉलर तुमच्या मामांना द्या, पुन्हा पत्र लिहायची वेळ आली तर.”

भाचा म्हणतो, माझ्या 2 डॉलरमधून फी कापूनच देणार.