प्रॉडक्शन पडल्यानंतरचे पत्रलेखन

शाळेत पत्रलेखन म्हणून रजेचा अर्ज, मित्राचे अभिनंदन आणि पाणी येत नसल्याची नगरपालिकेकडे तक्रार एवढेच शिकवतात. आपल्या हातून चालू साइट बंद पडली तर मॅनेजरला, क्लायंटला आणि सीसीमध्ये दाटीवाटीने बसलेल्या अनोळखी मंडळींना काय लिहावे, हे कोणत्याही इयत्तेत येत नाही. कनिष्ठ डेव्हलपरवर मात्र ही वेळ नोकरीच्या पहिल्या वर्षातच येते. त्यांच्या सोयीसाठी हा विधी.

पहिला मसुदा रीतीप्रमाणे दोनपैकी एका प्रकारचा होतो. एकात ‘काही तांत्रिक कारणामुळे सेवा काही काळ खंडित झाली’ असे असते; ते वाचून रेल्वे फलाटावर उभे असल्याचा भास होतो, माहिती मिळत नाही. दुसऱ्यात डेव्हलपर सगळा दोष अंगावर घेतो, तीनदा माफी मागतो आणि असे पुन्हा होणार नाही अशी शपथ घेतो. दुसरा प्रकार जास्त घातक. गुन्हेगार स्वतःहून हजर झाल्यावर तपास कोण करणार? दोन्ही मसुदे लिहून मन मोकळे करावे आणि पुसून टाकावेत. तोवर ‘टू’च्या रकान्यात कोणाचाही पत्ता भरू नये.

आता नमुन्याचा प्रसंग. भेटवस्तू विकणारी एक साइट आहे, तिचे पोस्टग्रेस डेटाबेसवरचे काम पुण्यात चालते. ऑर्डरसोबत चिठ्ठी पाठवण्याची सोय हवी म्हणून कनिष्ठाने एक ओळ लिहिली:

```sql
ALTER TABLE orders ADD COLUMN gift_note text;
```

ओळ निरुपद्रवी आहे. डीफॉल्ट नसलेला रिकामा कॉलम जोडताना पोस्टग्रेस जुन्या नोंदींना हात लावत नाही, फक्त टेबलाचे वर्णन बदलते. स्टेजिंगवर हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झाले. प्रॉडक्शनवर तीच ओळ दुपारी १४:३२ला चालवली आणि १४:३३ला साइट गोठली.

ई-मेलमधला पहिला खरा परिच्छेद या वेळांचा. प्रत्येक वेळेपुढे आयएसटी की यूटीसी ते लिहावे. सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत असतात आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतात. हे न सांगितल्यास क्लायंटच्या हिशेबी साइट सकाळी ०९:०३ला पडलेली असते आणि डेव्हलपर दुपारच्या जेवणानंतर जागा झालेला असतो.

बिघाड कधी झाला आणि कधी कळला, या दोन वेळा वेगळ्या लिहाव्यात. आपल्या प्रसंगात १४:३६ला कस्टमर सपोर्टचा फोन आला; मॉनिटरिंगने चकार शब्द काढला नव्हता. अलार्म सीपीयूवर लावलेला होता आणि सीपीयू तर निवांत होता. हे लिहायला लाज वाटते, पण यात मोठ्या घरची सोबत आहे. जानेवारी २०१७च्या अखेरीस गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की जुन्या आवृत्तीच्या `pg_dump`मुळे तो होतच नव्हता. तसे सांगणारे ई-मेल निघत होते, पण डीमार्कच्या नियमात न बसल्याने ते परत फिरत होते. कंपनीने हे सगळे स्वतः जाहीर केले.

मग येतो ‘का’. इथे कनिष्ठ ‘`ALTER`मुळे टेबल लॉक झाले’ असे लिहून मोकळा होतो. ते चूक आहे, कारण `ALTER`ला लॉक मिळालेच नव्हते. त्या वेळी `orders` टेबलावर अकाउंट्स विभागाचा एक रिपोर्ट चाळीस मिनिटांपासून चालू होता. वाचणाऱ्याचे लॉक सौम्य असते, असे शेकडो वाचक एकत्र नांदतात. `ALTER`ला मात्र टेबल पूर्ण रिकामे लागते. वाचनालयाच्या खोलीला रंग द्यायला आलेला रंगारी जसा आतला शेवटचा वाचक उठायची वाट बघत दारात उभा राहील, तसे `ALTER` रिपोर्टमागे थांबले. रंगाऱ्याचा नंबर आधी असल्याने नंतर आलेल्या वाचकांनाही आत सोडले गेले नाही. साइटची प्रत्येक साधी `SELECT` त्या रांगेत उभी राहिली, कनेक्शन पूल भरला आणि ग्राहकांना टाइमआउट दिसू लागले.

डेटाबेस रिकामटेकडा आणि साइट ठप्प, अशी जोडी दिसली की रांगेचा संशय घ्यावा. कोण कोणामुळे अडले आहे, ते पुढील क्वेरी सांगते. ती उत्तरासकट ई-मेलला जोडावी, म्हणजे ‘का’चा परिच्छेद नुसता अंदाज राहत नाही.

```sql
SELECT pid, pg_blocking_pids(pid), query
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

यानंतर नाजूक भाग: १४:३८ला एका वरिष्ठांनी ॲप सर्व्हर रीस्टार्ट केले आणि उपयोग झाला नाही म्हणून १४:४४ला पुन्हा केले. `ALTER` डेटाबेसमध्ये ठाण मांडून होते, त्यामुळे नवी कनेक्शन जुन्याच रांगेत गेली. हे गाळू नये, कारण पुढच्या वेळी दुसरे कोणी हाच उपाय करील. नाव मात्र लिहू नये. ‘ॲप सर्व्हर रीस्टार्ट केले, परिणाम नाही’ एवढे पुरते. वरिष्ठांना आपण कोण ते माहीत असते. १४:५१ला `pg_cancel_backend` वापरून `ALTER` रद्द केले आणि मिनिटभरात रांग ओसरली.

उपायांच्या परिच्छेदात ‘यापुढे काळजी घेऊ’ हे वाक्य निषिद्ध. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर काढण्याची कमांड देताना एक इनपुट चुकीचे भरले. भलतेच सर्व्हर निघाले आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास लंगडला. सेवांची स्थिती दाखवणारा ॲमेझॉनचा फलकही सुरुवातीला बदलता येईना, कारण त्याचा कारभारही एस-थ्रीवरच अवलंबून होता. त्यांच्या अहवालात त्या माणसाला नीट टाइप करण्याचा सल्ला नाही. ते टूल आता सर्व्हर सावकाश काढते आणि किमान संख्येखाली जाऊ देत नाही, असे त्यात लिहिले आहे.

आपल्या कनिष्ठाचा उपायही तसाच, आणि एका ओळीचा:

```sql
SET lock_timeout = '2s';
```

पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अनंतकाळ वाट पाहण्याची मुभा असते. दोन सेकंद लावल्यास लॉक न मिळालेले `ALTER` स्वतःच माघार घेते आणि मायग्रेशन नापास होते. याची किंमतही ई-मेलमध्ये सांगावी: मायग्रेशन पुन्हा पुन्हा चालवावे लागेल आणि दर खेपेला साइट दोन सेकंदांपर्यंत अडखळू शकेल. स्टेजिंगवर हे का दिसले नाही, असे कोणीतरी विचारतेच. तिथे अकाउंट्सचा रिपोर्ट कोणी चालवत नाही, हे त्याचे उत्तर. ती मर्यादा मायग्रेशन चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच बसवली आणि लॉकसाठी थांबलेल्या क्वेरींवर अलार्म लावला, की दोन्ही कामांपुढे नाव आणि तारीख टाकावी. नाव बहुतेक कनिष्ठाचेच असते.

विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहू नये; साइट केव्हाच सुरू झालेली असते. ‘ऑर्डर सेवा १९ मिनिटे बंद, कारण सापडले, सेवा सुरू’ एवढे पुरे. पाठवण्याआधी एक राहून जाणारी गोष्ट तपासावी. `ALTER` रद्द झाले होते, म्हणजे `gift_note` कॉलम अजून प्रॉडक्शनवर आलेला नाही. तो कधी येणार, हे शेवटच्या ओळीत लिहावे. क्लायंट उत्तरात तेवढेच विचारतो.